१५३ युरो कमी आले, तेव्हा काय लिहिलं

यंत्रांच्या वापर-पुस्तिकांसाठी तांत्रिक चित्रं काढून देणारी दोन भागीदारांची छोटी फर्म. एक भागीदार चित्रं पाहते, दुसरी हिशेब आणि पत्रव्यवहार. ग्राहक जर्मनीतला, मध्यम आकाराचा यंत्रनिर्माता. त्याच्यासाठी केलेलं हे पहिलंच काम. काम वेळेत गेलं, ग्राहकाकडच्या प्रकल्प-व्यवस्थापक बाईंना आवडलं, पुढच्या दोन पुस्तिकांची बोलणीही सुरू झाली. मग पैसे आले, आणि ते उशिरा आले आणि कमीही आले.

अशा छोट्या फर्मचा परदेशी पत्रव्यवहार तपासून देणं हे माझं काम आहे, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत पोचलं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. तारखा आणि रकमा एकमेकींशी जशा जोडलेल्या होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळा गुंता त्यांच्यातच होता.

इन्व्हॉइस ६,४०० युरोचा होता, ४ मार्च २०२४ या तारखेचा. फर्मच्या कोटेशनमध्ये ‘इन्व्हॉइसच्या तारखेपासून ३० दिवस’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे मुदत ३ एप्रिलला संपत होती. खात्यात पैसे आले १५ एप्रिलला, आणि आले ६,२४७ युरो. म्हणजे १५३ युरो कमी. सोबत कसलंही स्पष्टीकरण नाही.

हिशेब पाहणाऱ्या भागीदारीणबाईंनी त्याच संध्याकाळी एक मेल लिहून ठेवला होता. पाठवण्याआधी मला दाखवला, हे बरं झालं. त्यात चार गोष्टी होत्या. उशीर झाल्याबद्दल आणि रक्कम कमी आल्याबद्दल ‘आश्चर्य आणि खेद’. मग ‘हे हेतुपुरस्सर नसावं अशी आमची खात्री आहे’. मग, उशीर झालेल्या पैशांवर व्याज आणि ४० युरो वसुलीखर्च मागण्याचा हक्क युरोपीय कायद्याने दिला आहे, ही कुठेतरी वाचलेली माहिती. आणि शेवटी ‘उरलेले १५३ युरो तातडीने पाठवावेत’. मेल जाणार होता प्रकल्पाच्या बाईंना, आणि प्रती त्यांच्या दोन वरिष्ठांना.

यातलं ४० युरोंचं कलम खोटं नाही. २०११ चा युरोपीय महासंघाचा उशिरा पेमेंटविषयीचा निर्देश आणि त्यावर आधारलेली जर्मन दिवाणी संहितेतली तरतूद, दोन्हींत ते आहे. पण ते लागू व्हायला आधी उशीर झालेला असावा लागतो, आणि तो झाला आहे की नाही हेच अजून ठरलेलं नव्हतं. ‘हेतुपुरस्सर नसावं’ हे वाक्य मला त्याहून वाईट वाटलं. समोरच्याच्या मनात नसलेला आरोप आपणच उच्चारायचा आणि मग मोठ्या मनाने तो मागे घ्यायचा, असं त्या वाक्याचं काम असतं. संशय नाही असं सांगावं लागलं, की संशय पत्रात आलाच.

चित्रं पाहणाऱ्या भागीदारीणबाईंचं म्हणणं नेमकं उलट होतं. “अगं, दीडशे युरोंसाठी पुढच्या दोन पुस्तिका घालवायच्या का? काही लिहूच नको. नाहीतर अगदी हलक्या हाताने लिही, की घाई नाही, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, जमलं तर बघा.” हेही मला पटलं नाही. अशा मेलमध्ये नेमका प्रश्न कुठे आहे हेच वाचणाऱ्याला सापडत नाही. मोठ्या कंपनीच्या लेखा विभागात बसलेला माणूस दिवसभर असे मेल चाळत असतो. ज्यात इन्व्हॉइस क्रमांक, रक्कम आणि एक सरळ प्रश्न आहे, तो मेल निकाली निघतो. ज्यात तीन ओळी दिलगिरी आहे तो ‘नंतर पाहू’मध्ये जातो. शिवाय गप्प बसलं की पुढच्या प्रत्येक इन्व्हॉइसमधून तेवढेच पैसे जाणार, आणि पाचव्या वेळी विचारलं तर ‘आत्तापर्यंत तर काही बोलला नाहीत’ हे ऐकावं लागणार.

विचारण्याआधी घरचा अभ्यास

पत्राची भाषा सुधारण्याआधी मी एकच गोष्ट मागितली: बँकेकडून या पेमेंटच्या संदेशाची प्रत आणा. परदेशातून आलेल्या प्रत्येक पेमेंटबरोबर बँका एकमेकींना एक ठरावीक साच्याचा संदेश पाठवतात. त्याचं जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव `MT103`. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधला हा संदेश `pacs.008` या नव्या साच्यात जातो, पण काउंटरवर जुनंच नाव चालतं. आपल्याला खात्यात जमा झालेला एकच आकडा दिसतो. या संदेशात निघालेली रक्कम आणि पोचलेली रक्कम वेगवेगळ्या असतात. या प्रकरणातल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
:32A:240415EUR6247,00
:33B:EUR6272,00
:71A:SHA
:71F:EUR25,00
```

`33B` म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेला पाठवायला सांगितलेली रक्कम. `32A` म्हणजे आपल्या बँकेपर्यंत पोचलेली रक्कम आणि तिची तारीख. `71F` म्हणजे वाटेतल्या बँकेने कापलेलं शुल्क. आणि `71A` मध्ये `SHA` असलं, तर पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचं शुल्क दिलं आहे, पुढचं घेणाऱ्याच्या माथी. तिथे `OUR` असतं तर सगळं शुल्क पाठवणाऱ्याने सोसलं असतं.

आता १५३ चे दोन तुकडे झाले. २५ युरो वाटेत गेले होते, त्यांच्याशी ग्राहकाच्या लेखा विभागाचा थेट संबंध नव्हता. उरले १२८. आणि ६,४०० चे बरोबर दोन टक्के म्हणजे १२८.

ही फोड पत्र लिहिण्याआधीच का हवी, ते इथे कळतं. १५३ हा आकडा कोणत्याच हिशेबात बसत नाही, साधारण २.४ टक्के, म्हणजे कुणीतरी मनाला येईल तशी कात्री लावल्यासारखा. म्हणून राग येतो. फोड केली की एक तुकडा बँकशुल्क म्हणून ओळखू येतो आणि दुसरा नेमक्या टक्क्यात बसतो. बँका सहसा ठरावीक किरकोळ रक्कम कापतात. इन्व्हॉइसच्या पूर्ण टक्क्यात फरक आला, तर तो कुणाच्या तरी लिखित नियमातून आलेला असण्याची शक्यता दाट. तो नियम शोधायचा.

एक सावधगिरी सांगून पुढे जातो. ही तुलना इन्व्हॉइसच्याच चलनात करायची. बँकेने आपल्या चलनात बदलून जमा केलेल्या रकमेवरून ‘कमी आले’ असं ठरवलं तर विनिमय दराचा फरक त्यात मिसळतो, आणि मग ग्राहकाला विचारायचा प्रश्नच चुकीचा होतो.

नियम सापडला तो ग्राहकाच्या पर्चेस ऑर्डरच्या, म्हणजे पीओच्या, दुसऱ्या पानावर, बारीक जर्मन अक्षरांत. पहिलं पान इंग्रजीत होतं म्हणून वाचलं गेलं होतं, दुसरं राहिलं होतं. तिथे म्हटलं होतं: इन्व्हॉइस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के स्कोंटो, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. खाली आणखी एक ओळ: पीओ क्रमांक नसलेला इन्व्हॉइस मिळाला असं धरलं जाणार नाही. स्कोंटो म्हणजे लवकर पैसे दिल्याबद्दलची सूट. जर्मन व्यवहारात ती इतकी रुळलेली आहे की लेखा विभाग ती घेताना वेगळं कळवण्याचा विचारही करत नाही. मात्र ती आपोआप मिळणारी नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलेली असेल तरच घेता येते.

ती मान्य केली होती का? फर्मचं कोटेशन ‘३० दिवस, पूर्ण रक्कम’ म्हणत होतं. पण पीओ आल्यावर फर्मने ‘ऑर्डर मिळाली, आभार, काम सुरू करतो’ असं लेखी कळवलं होतं आणि अटींबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. दोन कागद दोन गोष्टी सांगतात तेव्हा कोणता चालतो यावर वकील लांब वाद घालू शकतील. १२८ युरोंसाठी तो वाद कुणी घालणार नाही. बाजू कमकुवत आहे एवढं कळणं पत्राचा सूर ठरवायला पुरेसं होतं.

पण पीओचं दुसरं पान वाचून हिशेब पाहणाऱ्या बाई आणखी चिडल्या. “बघा! चौदा दिवस म्हणजे १८ मार्च. पैसे आले १५ एप्रिलला. म्हणजे उशीर करून वर लवकर दिल्याची सूट घेतली!” वरवर पाहता म्हणणं बिनतोड होतं. अशा ठिकाणी, जिथे आपली बाजू फारच बिनतोड दिसते तिथे, मी थांबून विचारतो: समोरच्याच्या कागदावर कोणती तारीख असेल, की जिच्यामुळे हेच त्याला सरळ दिसत असेल?

तारखा पुन्हा मांडल्या. ४ मार्चच्या इन्व्हॉइसवर पीओ क्रमांक नव्हता. तीन आठवडे काहीच उत्तर आलं नाही. २७ मार्चला प्रकल्पाच्या बाईंनी कळवलं, ‘क्रमांक घालून परत पाठवाल का?’ २८ मार्चला, गुरुवारी संध्याकाळी, फर्मने त्याच क्रमांकाचा आणि त्याच ४ मार्च तारखेचा दुरुस्त इन्व्हॉइस पाठवला. त्या वर्षी २९ मार्चला गुड फ्रायडे आणि १ एप्रिलला ईस्टर मंडे, दोन्ही जर्मनीत सुट्टीचे. म्हणजे लेखा विभागाने तो मेल उघडला असेल तर २ एप्रिलला. त्यापासून चौदा दिवस म्हणजे १६ एप्रिल. पैसे निघाले ११ एप्रिलला.

ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी इन्व्हॉइस मिळाल्यावर नवव्या दिवशी पैसे पाठवले होते, आपल्याच ३० दिवसांच्या मुदतीच्या तीन आठवडे आधी, आणि त्याबद्दलची ठरलेली सूट घेतली होती. फर्मला जे उशिरा आणि कमी दिसत होतं तेच तिथे लवकर आणि नियमाप्रमाणे होतं. फरक फक्त मोजणी कोणत्या दिवशी सुरू झाली याचा. आणि ‘मिळाल्यापासून’ मोजणं ही काही त्या कंपनीची चलाखी नव्हे. थकबाकी कधी सुरू होते हे ठरवताना जर्मन दिवाणी संहितेचं कलम २८६ सुद्धा इन्व्हॉइस पोचण्यालाच महत्त्व देतं.

हा सगळा तर्क होता, पुरावा नव्हे. २ एप्रिल ही तारीख आपण कॅलेंडरवरून काढलेली. म्हणून विचारायचं होतंच. पण आता विचारायचा प्रश्न ‘पैसे कमी का दिले’ हा राहिला नव्हता.

पत्र

ते पीओवर छापलेल्या लेखा विभागाच्या पत्त्यावर गेलं. प्रकल्पाच्या बाईंना प्रत, वरिष्ठांना नाही. बाईंना प्रत देतानाही आधी एक ओळ वेगळी पाठवली: ‘हिशेबाची एक नोंद तुमच्या अकाउंट्सकडून तपासून घेते आहे, माहितीसाठी प्रत तुम्हाला येईल, तुम्हाला काही करायचं नाही.’ ज्या माणसाच्या भरवशावर पुढचं काम मिळणार, त्याला आपल्याच कंपनीच्या लेखा विभागाकडून अचानक ‘तुमच्या पुरवठादाराने तक्रार केली आहे’ असं कळू नये.

मूळ पत्र इंग्रजीत होतं. त्यातला रेमिटन्स ॲडव्हाइस म्हणजे पैसे कोणत्या इन्व्हॉइसपोटी आणि किती पाठवले याचा तपशील देणारा कागद. मजकूर असा:

‘नमस्कार. इन्व्हॉइस 2024-017 पोटी १५ एप्रिलला आमच्या खात्यात ६,२४७ युरो जमा झाले, आभार. इन्व्हॉइसची रक्कम ६,४०० युरो आहे. बँकेच्या नोंदीप्रमाणे तुमच्याकडून ६,२७२ युरो निघाले आणि २५ युरो वाटेतल्या बँकेचं शुल्क आहे, तेवढं आम्हाला समजलं. उरलेले १२८ युरो म्हणजे इन्व्हॉइसच्या दोन टक्के. पीओच्या दुसऱ्या पानावरच्या १४ दिवसांच्या अटीप्रमाणे ही सूट धरली असावी असं दिसतं. आमच्या वहीत नोंद बरोबर करण्यासाठी दोन गोष्टी हव्या आहेत: या पेमेंटचा रेमिटन्स ॲडव्हाइस, आणि तुमच्याकडे हा इन्व्हॉइस मिळाल्याची नोंदवलेली तारीख. पुढचा इन्व्हॉइस ६ मेच्या आठवड्यात पाठवायचा आहे, त्याआधी हे कळलं तर तो पहिल्याच वेळी तुमच्या पद्धतीप्रमाणे पाठवता येईल.’

या पत्रात एकाही वाक्यात ‘तुम्ही कापले’, ‘तुम्ही उशीर केला’ असा कर्ता नाही. पैसे निघाले, सूट धरली असावी, तारीख नोंदवलेली आहे. कागद बोलतो, माणूस नाही. हे नम्रतेचं नाटक वाटण्याचा धोका असतो, पण इथे ते खरंही होतं: कुणी एका माणसाने बसून १२८ युरो कापले नव्हते, त्यांच्या हिशेबाच्या प्रणालीने तारीख पाहून कापले होते. आपण समोरच्या कारकुनाला ‘तुम्ही’ म्हणतो तेव्हा त्याला ज्याचा पत्ताही नाही अशा गोष्टीचा जाब तो स्वतःच्या अंगावर घेतो, आणि मग उत्तरही तसंच येतं.

‘का’ हा प्रश्नही पत्रात नाही. ‘का’ विचारलं की समर्थन मागितल्यासारखं होतं. तारीख आणि कागद मागितला की शोधून पाठवण्याएवढंच काम उरतं. विचारण्याचं कारणही खरं दिलं आहे, वहीत नोंद करायची आहे हे. कारण न सांगता विचारलेला हिशेबाचा प्रश्न, भाषा कितीही गोड असली, तरी तपासणीसारखा वाटतो.

आणि एक गोष्ट मुद्दाम टाळली. ‘सूट धरली असावी असं दिसतं’ म्हटलं, ‘सूट योग्य आहे’ असं म्हटलं नाही. उत्तर येण्याआधी आपली बाजू सोडायची नाही आणि ठोकायचीही नाही. पैसेही मागितले नाहीत. पहिल्या पत्रात माहिती मागायची; मागणी करायचीच असली तर ती माहिती हातात आल्यावर, वेगळ्या पत्रात.

पत्र जाता जाता एक अडचण झाली असती. फर्मने नुकतंच दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं, तिथे परदेशी पेमेंटवर शुल्क कमी लागतं म्हणून. हिशेबाच्या बाईंना त्याच पत्रात शेवटी लिहायचं होतं, ‘यापुढे कृपया या नव्या खात्यात पाठवा.’ मी ती ओळ काढायला लावली. परदेशी पुरवठादाराच्या नावाने मेल येतो, त्यात एखाद्या जुन्या पेमेंटची शंका असते आणि शेवटी नवा खाते क्रमांक असतो: फसवणुकीचे मेल नेमके असेच असतात, आणि लेखा विभागातल्या लोकांना ते ओळखायला शिकवलेलं असतं. असा मेल पोचला की पुरवठादाराची सगळी पेमेंट थांबवून चौकशी सुरू होते. आपण संशयी वाटू नये म्हणून एवढी काळजी घ्यायची आणि स्वतःच संशयास्पद दिसायचं, असं झालं असतं. खातं बदलायचं असेल तर ते स्वतंत्रपणे कळवावं, कुठलंही पेमेंट अडलेलं नसताना. आणि ‘खात्री करण्यासाठी तुमच्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या नंबरवर फोन करा’ असं आपणच सुचवावं. त्या मेलमध्ये नंबर देऊ नये, कारण बनावट मेलमध्येही नंबर असतोच.

उत्तर, आणि त्यानंतरचं खरं बोलणं

तीन दिवसांनी उत्तर आलं. संबोधनाखाली दोन ओळी: ‘इन्व्हॉइस मिळाल्याची तारीख 02.04.2024. स्कोंटो पीओप्रमाणे. ॲडव्हाइस सोबत.’ हिशेबाच्या बाईंना ते तुसडं वाटलं. मला ते उत्तम वाटलं. विचारलं तेवढंच, पूर्ण आणि कागदासकट. हिशेबाच्या पत्रव्यवहारात आटोपशीर उत्तर म्हणजे राग नव्हे. प्रश्न नेमका होता म्हणूनच उत्तर दोन ओळींत मावलं.

तारीख तर्काशी जुळली. मग १२८ युरोंचं काय? ते परत मागायचे नाहीत, असं माझं मत पडलं. अटी पीओवर होत्या, पीओ लेखी स्वीकारला होता, क्रमांक नसलेला इन्व्हॉइस फर्मकडूनच गेला होता. त्यावर मागणी केली असती तर मिळालेही असते कदाचित, सद्भावना म्हणून. पण पुढच्या दोन पुस्तिकांच्या अटी ठरवताना ती सद्भावना जास्त उपयोगी होती. दोन्ही एकदम मागता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र ग्राहकाच्या बाजूलाही राहिली होती, आणि ती न बोलता सोडणं मला बरोबर वाटत नव्हतं. क्रमांक नाही म्हणून इन्व्हॉइस बाजूला पडला, हे कळायला तेवीस दिवस लागले. ४ मार्चला पाठवलेल्या मेलला दुसऱ्या दिवशी ‘क्रमांक हवा’ एवढं उत्तर आलं असतं तर सगळंच मार्चमध्ये संपलं असतं. हे दोष काढल्यासारखं न वाटता कसं सांगायचं? मागच्या वेळचं वर्णन न करता पुढच्या वेळची सोय मागायची.

दुसरं पत्र प्रकल्पाच्या बाईंना गेलं, कारण अटी ठरवण्याचा अधिकार लेखा विभागाचा नसतो. त्यात लिहिलं:

‘अकाउंट्सकडून उत्तर मिळालं, नोंद जुळली, 2024-017 आमच्या बाजूने पूर्ण झाला. पुढच्या दोन पुस्तिकांच्या ऑर्डरआधी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात असं वाटतं. पहिली: आमचे दर ३० दिवसांत पूर्ण रक्कम धरून काढलेले आहेत. स्कोंटोशिवाय ३० दिवस तुम्हाला चालत असतील तर दर तेच राहतील. स्कोंटो ठेवायचा असेल तर ती सूट धरून दर काढून पाठवते. दोन्ही आम्हाला चालेल. दुसरी: मुदत इन्व्हॉइस मिळाल्यापासून मोजली जाते हे समजलं. मग तो मिळाल्याची पोच आणि काही राहिलं असेल तर ते त्याच आठवड्यात कळावं, यासाठी तो कोणत्या पत्त्यावर पाठवावा? तिसरी: बँकशुल्क पाठवणाऱ्याकडे, म्हणजे `OUR`, असं पेमेंट तुमच्याकडून होऊ शकतं का?’

पहिल्या मुद्द्याची रचना हे या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. स्कोंटो काढून टाका अशी विनंती केली असती तर ती खरेदी विभागाकडे गेली असती आणि ‘आमच्या सर्वसाधारण अटी बदलत नाहीत’ या उत्तराने परत आली असती. सूट ही किंमतच आहे. म्हणून तिच्यावर तक्रार न करता तिचा दर सांगितला आणि निवड ग्राहकावर सोडली. ‘दोन्ही आम्हाला चालेल’ हेही खरं होतं. दर बदलून मिळाल्यावर स्कोंटो असला काय, नसला काय, फर्मचं काही जात नव्हतं.

बाईंचं उत्तर दोन मुद्द्यांवर होकाराचं आलं. स्कोंटोशिवाय, मिळाल्यापासून ३० दिवस, त्याच दरात. इन्व्हॉइससाठी एक वेगळा पत्ता, जिथून पोच आपोआप येते. `OUR` मात्र नाही. त्यांच्या प्रणालीत परदेशी पेमेंट `SHA` वरच ठरलेली आहेत आणि एका पुरवठादारासाठी बदलता येत नाहीत. ते खरं असावं. इथे पुन्हा जोर लावण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक पेमेंटमागे वीस-पंचवीस युरो जाणार हे धरून फर्मने दोन पुस्तिकांची दोन छोटी इन्व्हॉइस करण्याऐवजी एकच करायचं ठरवलं.

मग नवी पीओ आली, आणि तिच्या दुसऱ्या पानावर जुनीच ओळ: १४ दिवस, दोन टक्के.

हिशेबाच्या बाईंचा फोन आला तेव्हा आवाजात ‘बघा, मी म्हणत नव्हते’ होतं. पण हे जवळपास अपेक्षित असतं. ऑर्डरचा साचा प्रणालीतून निघतो, आणि प्रकल्पाच्या माणसाने मेलवर मान्य केलेली गोष्ट कुणीतरी हाताने त्या प्रणालीत बदलावी लागते. ती बदलली नाही तर लेखा विभाग पीओच पाहणार, मेल नाही. काम सुरू करण्याआधी हे दिसणं ही चांगली वेळ होती, कारण तोपर्यंत काहीच स्वीकारलेलं नव्हतं. उत्तर एवढंच गेलं: ‘पीओ मिळाली, आभार. दुसऱ्या पानावरच्या पेमेंटच्या ओळीत १४ दिवस, दोन टक्के असं छापून आलं आहे. आपलं २४ एप्रिलच्या मेलमध्ये ३० दिवस, पूर्ण रक्कम असं ठरलं होतं, तो मेल खाली जोडला आहे. दुरुस्त प्रत आली की काम सुरू करते.’

‘छापून आलं आहे’ या शब्दांमुळे प्रकल्पाच्या बाईंना काही कबूल करावं लागलं नाही, आणि ‘दुरुस्त प्रत आली की’ यामुळे फर्मलाही काही सोडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सुधारित पीओ आली, आणि बाईंनी एक ओळ जोडली होती: त्यांच्या इतर दोन पुरवठादारांच्या पीओमध्येही हीच गडबड निघाली, दाखवून दिल्याबद्दल आभार.